आठाची डावी रेघ

रघोजीराव चौतीस वर्षं तंजावरच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. मुलांना चित्रकला किती आली ते देव जाणे, पण मास्तरांची भीती मात्र अख्ख्या गावाला आली. फळ्यावरची त्यांची अक्षरं बघायला दुसऱ्या वर्गांतले शिक्षक येत आणि दारातूनच बघून परत जात. आत पाऊल टाकायची छाती कोणाची नव्हती. लग्नाच्या पत्रिका, देवळाचे फलक, निरोप समारंभाची मानपत्रं, जे काही सुंदर लिहायचं ते रघोजीरावांनीच लिहायचं, आणि त्यात कोणी काना-मात्रेइतकी सूचना केली की कागद टेबलावर आपटून उठून जायचं, हा त्यांचा शिरस्ता. माणूस वाईट नव्हता. पण चांगुलपणा पेटीत आणि राग बाहेर ठेवायची खोड काही लोकांना असते, ती त्यांना होती.

निवृत्तीनंतर मुलीनं, हरितानं, त्यांना थ्रीडी प्रिंटर आणून दिला. पापनाशमजवळच्या एका भात गिरणीत ती विजेच्या देखभालीची सुपरवायझर. अप्पा रिकामे बसले तर घरातल्या सगळ्यांच्या चुका काढतील, ही तिची साधी भीती. उपाय लागू पडला. रघोजीरावांनी दोन महिन्यांत दारावरच्या नावाच्या पाट्यांचा धंदा जमवला. घरोघरी डॉक्टर, वकील, वीणेचे मास्तर, सगळ्यांची नावं त्यांच्या मशीनमधून उतरू लागली. त्यांची पत्नी शांभवी म्हणाली, "चला, ओरडायला एक यंत्र मिळालं."

यंत्र मात्र ओरडण्याला दाद देत नाही. त्याच्या पितळी नोझलचं भोक चार दशांश मिलिमीटरचं. त्यातून निघणारी प्लास्टिकची रेघ साधारण तेवढीच रुंद, थोडी जास्तच. उठावाचं अक्षर करायचं तर त्याची प्रत्येक रेघ निदान अशा दोन रेघा शेजारी शेजारी बसतील एवढी जाड हवी, नाहीतर ती छापलीच जात नाही, किंवा नखानं निघून येते. खोदीव अक्षराचं दुखणं उलटं. खाचेच्या दोन्ही काठांचं गरम प्लास्टिक आत फुगतं आणि बारीक खाच मिटून जाते. म्हणून जाणकार माणूस साधा, भरीव, एकसारख्या जाडीचा फॉन्ट घेतो. रघोजीरावांना हे सगळं ठाऊक होतं. पण साधा फॉन्ट म्हटला की त्यांच्या तोंडाची चव जायची. "ती काय अक्षरं? पोत्यावरचे शिक्के!"

त्याच वर्षी हरितानं गिरणीच्या पॅनेलसाठी दहा पाट्या मागितल्या. गिरणीत भात खालून वर चढवणारे दहा एलिव्हेटर आहेत. प्रत्येकाचा पट्टा, प्रत्येकाची मोटर, आणि पॅनेलवर प्रत्येकाचं बटण. पाच वर, पाच खाली. तिनं जपून, शब्द मोजून सांगितलं होतं, "अप्पा, उठावाचे करा. जाड. पिवळ्यावर काळे. दूरनं दिसले पाहिजे मणून."

"मला शिकवतेस?" रघोजीराव म्हणाले. विषय तिथंच संपला.

त्यांनी इंग्रजी आकडे स्वतःच्या हातानं काढले. बोरूच्या वळणाचे, आठाची तर उजवीकडची रेघ भरीव, डावीकडची केसासारखी. खोदीव, कारण उठाव म्हणजे खानावळीचा फलक. भरीव रेघ सव्वा मिलिमीटर, केसाची रेघ जेमतेम दोन दशांश. वर गुळगुळीतपणा यावा म्हणून शेवटच्या थरावर गरम नोझलची इस्त्री फिरवली. स्लायसर, म्हणजे छापण्याआधी थर पाडून दाखवणारा प्रोग्रॅम, त्याच्या प्रिव्ह्यूमध्ये ती बारीक रेघ कुठं आहे, कुठं नाही, हे बघायची तसदी घेतली नाही. आठाची पाटी खिडकीत तिरपी धरली तेव्हा डावीकडे एक अंधुक वळ दिसत होता. हातात धरून दिसला म्हणजे झालं. रंगही भरला नाही. राखाडी पाटीवर राखाडी खाच, किती भारदस्त! हरितानं पाट्या घेतल्या, "छान आहेत" म्हणाली आणि घेऊन गेली.

सात महिने झाले. खंडेनवमीची यंत्रांची आयुधपूजा आली, गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्यानंतर शांभवीनं त्यांच्यापुढे फोन धरला. "बघा, तुमच्या पाट्यांची पूजा."

फोटोत पॅनेलला झेंडूची माळ होती. गिरणीतल्या बायकांनी रिवाजाप्रमाणे प्रत्येक पाटीला चंदनाचा लेप फासला होता, आणि मग आकडे दिसावेत म्हणून फडक्यानं पुसला होता. वरचं चंदन निघालं, खाचांतलं राहिलं. राखाडी पाट्यांवर आकडे पिवळेधमक उठून दिसत होते. रघोजीरावांनी कौतुकानं फोटो मोठा केला. एक, दोन, तीन, चार, पाच. खालच्या ओळीत सहा, सात, तीन.

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. सहा, सात, तीन.

आठाची डावी रेघ नव्हतीच. कधीच नव्हती. खाच मिटली होती, इस्त्रीनं उरलासुरला वळ बुजवला होता, आणि चंदनाला शिरायला जागा मिळाली ती फक्त उजवीकडे. वरच्या ओळीत तिसरा तीन, त्याच्या बरोब्बर खाली दुसरा तीन.

तेवढं असतं तरी एक वेळ ठीक होतं. पण सकाळी डबा भरताना हरिता आईला सांगत होती ते त्यांनी ऐकलं होतं. गिरणी आज बंदच, म्हणून दुरुस्ती उरकून घ्यायची. आठ नंबरच्या तळच्या खड्ड्यात उतरून पट्ट्याचा जोड बदलायचा. तीन नंबरची मोटर चालवून बघायची. पॅनेलवर गणेशकुमार असेल, नवा पोरगा आहे, पण ऐकतो.

तीन चालवून बघायची. आठात माणूस.

रघोजीरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी हरिताला फोन लावला. वाजत राहिला. खड्ड्यात उतरताना ती फोन वर ठेवते, हे त्यांना माहीत होतं. गिरणीच्या ऑफिसचा फोन वाजून वाजून थांबला. सुट्टीच होती. गणेशकुमारचा नंबर कोणाकडे?

"काय झालं?" शांभवी म्हणाली.

"काही नाही. जरा जाऊन येतो." बायकोला सांगायची लाज वाटली. पोरीचा जीव धोक्यात आणि ह्या गृहस्थांना लाज वाटत होती! पण तसं झालं खरं.

पापनाशमची बस मिळाली. रघोजीराव दाराजवळ उभे राहिले, जागा असून बसले नाहीत. दोन्ही बाजूंना भाताची शेतं मागं पळत होती आणि त्यांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र. खड्डा, लोखंडी बादल्यांचा पट्टा, त्यात कोपरापर्यंत घातलेले हात. वर कोणीतरी हाक मारतो, तीन चालू कर. पोरगा पॅनेलपुढे येतो. दोन तीन दिसतात. एकावर बोट ठेवतो. ते बोट रघोजीरावांना इतकं स्पष्ट दिसत होतं की नखातली धूळही दिसत होती. दर पाच मिनिटांनी ते फोन लावत आणि दर वेळी तो वाजतच राही. अय्यंपेट्टैला बस रेल्वे फाटकापाशी थांबली. ड्रायव्हर चहावाल्याशी काल किती झेंडू खपला त्याची चर्चा करू लागला. रघोजीराव त्याच्यावर ओरडणार होते. ओठ हलले, आवाज आला नाही. चौतीस वर्षं ज्या आवाजानं वर्ग गार पडत होते, तो नेमका आजच कुठं गेला होता कोण जाणे.

गिरणीच्या फाटकाशी ते जवळजवळ पळतच पोचले. पहारेकरी चहाला गेला होता. अंगणात कोंड्याचे ढीग, पत्र्यावर कबुतरं, सगळं शांत. आणि त्या शांततेत आतून एकच आवाज येत होता. धप्, धप्, धप्. एक एलिव्हेटर चालू होता.

कोणता?

भिंत धरून धरून ते आत गेले. "हरिता!" अशी हाक मारली, ती यंत्राच्या आवाजात त्यांना स्वतःलाही ऐकू आली नाही. पॅनेलपाशी विशीतला एक पोरगा उभा होता, कपाळाला कालच्या पूजेचं कुंकू. रघोजीरावांनी त्याचं मनगट धरलं.

"कोणता चालू केलास? कोणता?" ते तमिळमध्ये विचारत होते.

"तीन, सार," पोरगा गोंधळून म्हणाला.

"कोणता तीन? दोन आहेत!"

गणेशकुमारनं त्यांच्याकडे बघितलं, मग पॅनेलच्या दारावरच्या चंदनी आकड्यांकडे. हसला. "ते होय! ते पूजेचे आहेत, सार. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, बाहेरच्या पाट्या बघायच्याच नाहीत. कामाच्या आत आहेत."

त्यानं पॅनेलचं बाहेरचं दार उघडलं. आत बटणं होती, आणि प्रत्येक बटणावर एक पिवळी पाटी. तिच्यावर काळे, जाड, उठावाचे आकडे, साधे, ठोकळ्यासारखे. आठाची दोन्ही पोटं मोकळी, वितीवरूनही दिसावीत आणि वीस पावलांवरूनही दिसावीत अशी. रघोजीरावांनी आठावरून बोट फिरवलं. प्रत्येक रेघ तीन नोझलरेघांची, कमी नाही, जास्त नाही. डोळे मिटूनही वाचता आला असता. आठाच्या बटणाला लाल कुलूप लावलेलं होतं.

"किल्ली मॅडमच्या खिशात," पोरगा म्हणाला. "त्या वर आल्याशिवाय देवालाही चालू करता येणार नाही."

रघोजीराव पोत्याच्या थप्पीवर बसले. जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या दुसरं काहीतरी छातीत वर चढू लागलं, त्याला काय म्हणावं ते त्यांना कळेना.

हरिता खड्ड्यातून वर आली ती हात पुसत, गणेशकुमारला काहीतरी हसून सांगत. मग तिला अप्पा दिसले. अप्पा, आणि त्यांच्यामागं उघडं पडलेलं दार. तिचं हसू जागच्या जागी गेलं. काही क्षणांपूर्वी जी बाई बादल्यांच्या पट्ट्यात निर्धास्त हात घालून बसली होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अप्पा, ते मी... तुम्ही ओरत्तनाडूला लग्नाला गेलेलात ना, तेव्हा तुमच्याच मशीनवर केले. दुसऱ्या कोणाकडून नाही. खरंच नाही."

"सात महिने?" रघोजीराव म्हणाले.

"सांगणार होत्यें. आईलाही विचारट्लं. ती म्हणाली, नोको, उगीच तोंड सुटेल त्यांचं." ती भराभर बोलत होती, गृहपाठ न केलेल्या मुलीसारखी. "तुमचे काढले नाहीत बघा. समोरच ठेवले. आकडे सुरेख आहेत, अप्पा. फक्त... आठाची रेघ..."

"रेघ नाहीच," ते म्हणाले. "चूक माझी."

हे शब्द त्यांनी आयुष्यात कोणापुढे उच्चारले नव्हते. आपल्याला सांगण्यापेक्षा ह्या पोरीला गुपचूप दुसऱ्या पाट्या करणं सोपं वाटलं, हे त्यांना आता लख्ख कळत होतं. त्यांना रडू येत होतं. तिच्या केसांत कोंडा अडकला होता. तो झटकावा, डोक्यावरून हात फिरवावा, एवढंच त्यांच्या मनात आलं, म्हणून ते उठले आणि त्यांनी हात उचलला.

हरितानं डोळे गच्च मिटून मान खांद्यात ओढून घेतली.