बारा दात्यांचं पिनियन

नवरा जाऊन तीन आठवडे झाले आणि ताई कामावर हजर झाल्या. गिअर कापायच्या वर्कशॉपमध्ये दोघंही कामाला होते: दाते कापायच्या हॉबिंग मशीनवर ते, तपासणीच्या टेबलावर त्या. नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत.

"आणखी थोडे दिवस थांबायचं होतं," मालक म्हणाले.

"घरी बसून काय करू?"

खरं तर घरीही त्यांना काही होत नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती. कुणीतरी शेजारच्या घरातलं गेलं असावं, तसं.

दुपारी मालकांनी तीन तुटकी पिनियनं, जोडीतले लहान गिअर, टेबलावर ठेवली. मालकांना विक्री कळायची, मशीन नाही. "माल उचलायच्या विंचमधली आहेत. गिऱ्हाईक म्हणतंय पोलाद खराब. पोलादवाल्याला धारेवर धरतो."

ताईंनी दाते मोजले. बारा. मग भिंग लावलं. प्रत्येक दाता बुडाशी कोरल्यासारखा आत गेला होता, आणि तिथेच मोडला होता.

"पोलादाला कशाला बोल लावता? हा अंडरकट आहे. हॉब म्हणजे आपलं दाते कापायचं हत्यार; वीस अंशाच्या हॉबने सतरापेक्षा कमी दाते कापले की त्याचं टोक दात्याच्या मुळात घुसतं. मान बारीक होते."

"मग सतरा दाते करू."

"मग विंचचा वेग बदलेल. बाराच हवेत, तर ब्लँक, म्हणजे न कापलेली चकती, मोठा घ्यायचा आणि हॉब तेवढा बाहेर ठेवून कापायचं. जोडीच्या साठ दात्यांच्या गिअरला तेवढाच आत. म्हणजे दोघांमधलं अंतर तसंच राहतं. याला करेक्शन म्हणतात."

"हे कुणाला माहीत नव्हतं आपल्याकडे?"

ताईंनी जुनं जॉब कार्ड काढलं. आठ महिन्यांपूर्वीचं. अक्षर मास्तरांचं. ब्लँकचा व्यास छप्पन्न मिलिमीटर. हवा होता अठ्ठावन्न पॉइंट चार. सतराचा हा हिशेब त्यांनीच ताईंना लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी शिकवला होता.

डॉक्टरांनी मेंदूतली गाठ सांगितली ती तीन महिन्यांपूर्वी. त्याआधी सहा-सात महिने मास्तर एकच गोष्ट दोनदा विचारायचे, आणि ताई म्हणायच्या, "डोकं कुठे गहाण टाकलंय?"

कार्डाखाली तपासणीची सही ताईंची होती. छप्पन्न लिहिलं होतं, छप्पन्न भरलं, पास.

"यांनी कापली," त्या म्हणाल्या. "आणि पास मी केली. पोलादवाल्याला काही बोलू नका."

मालकांनी कार्ड उचलून वाचलं. मग मान हलवली.

दोन दिवसांत ताईंनी स्वतः मशीन लावून नवी जोडी कापून घेतली. दात्याचं बूड भरीव आलं. ती विंच पुढे विनातक्रार चालली.

नवी जोडी कापून झाली त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

"आई, तू रडलीस का गं?"

"नाही," ताई म्हणाल्या. "धुणं वाळत घालायचंय अजून."