काळी खिडकी आणि गोधडीचं कव्हर

आमचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान अंबाजोगाईत, कॉलेजच्या रस्त्याला आहे. दुरुस्ती आमचे मालक, म्हणजे माझे यजमान करतात. मी आतल्या पडद्यामागं बसून साफसफाई करते. कीबोर्डच्या कळा एकेक करून उचकटायच्या, ब्रशनं धूळ काढायची आणि परत जागच्या जागी बसवायच्या. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. इंग्रजी अक्षरं मी या कळांवरून शिकले, त्यामुळं मला एबीसीडी त्या क्रमानं अजून येत नाही. क्यू, डब्ल्यू, ई, आर अशी येते. सोळा वर्षं ब्रश चालवताना मालक काय तपासतात, कशानंतर काय बघतात, ते कानावर आणि डोळ्यांवर पडत राहिलं. गिऱ्हाइकाशी मात्र मी कधी बोलत नव्हते. कुणी आलं की आतून म्हणायचे, "मालक येतील, बसा."

त्या दिवशी मालक स्क्रीन आणायला बीडला गेले होते. साडेअकराच्या सुमारास एक मुलगी आणि तिचे वडील आले. मुलीनं नर्सिंग केलेलं, पुण्याच्या एका दवाखान्यात नोकरीसाठी तिची बारा वाजता मुलाखत होती, लॅपटॉपवरच. मोबाइलवर मुलाखतीची लिंक उघडत नव्हती. आणि लॅपटॉपचा कॅमेरा दोन दिवसांपासून चालत नव्हता. वडील वडवणीकडच्या एका शाळेत शिपाई होते, मोठ्यानं बोलणारे.

"मालक येतील, बसा," मी म्हटलं.

"कवा येतील?"

"तीनला."

"तीनला येऊन काय उपेग, ताई? बाराला साहेब लोकं बसणार हायती तिकडं." मग ते मुलीला म्हणाले, "चल, दुसरं दुकान बघू."

"दुसऱ्याच दुकानातून आलोय ना, अण्णा," मुलगी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "त्यांनी ड्रायव्हर दोनदा टाकला. म्हणले कॅमेराच गेला, नवा मागवावा लागंल, दोन दिवस."

मी मालकांना फोन लावला. लागला नाही. बाहेरून लावायचा एक कॅमेरा दुकानात असायचा, तो आदल्या दिवशीच विकला गेला होता. मुलगी बाकावर बसली आणि तिनं पदवीच्या कागदांची पिशवी छातीशी धरली. रडत नव्हती. ते बघून मी पडदा सरकवून बाहेर आले.

"दाखव बरं," मी म्हटलं.

वडिलांनी माझ्या हातातल्या ब्रशकडं बघितलं. "तुमी करता व्हय हे?"

"साफ करते."

"कॅमेरा साफ करून चालू व्हतो का?"

मी लॅपटॉप पुढ्यात ओढला. मला भांडता येत नाही.

आधी स्क्रीनच्या वरच्या कडेला नखानं चाचपलं. काही लॅपटॉपना भिंगावर सरकवायचं झाकण असतं. इथं नव्हतं. मग वरच्या ओळीतल्या कळा बघितल्या. काहींवर रेघ मारलेल्या कॅमेऱ्याचं चित्र असतं, ती चुकून दाबली की कॅमेरा बंद होतो. तीही नव्हती. सेटिंगमध्ये प्रायव्हसीत गेले, तिथं कॅमेऱ्याची परवानगी चालू होती. मग डिव्हाइस मॅनेजर उघडला. तिथं सगळ्या भागांची यादी असते. सी अक्षरानं सुरू होणारी कॅमेऱ्याची ओळ मला पाठ आहे. ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरा चालवणारं सॉफ्टवेअर, बिघडला की त्या ओळीवर पिवळा त्रिकोण येतो, कुणी बंद केला असेल तर खाली जाणारा बाण. इथं ओळच नव्हती.

"ड्रायव्हर टाकून उपयोग नाही," मी म्हटलं. "घरात माणूसच नसलं तर ताट कुणाला वाढायचं?"

वडील हसले नाहीत. "म्हंजी गेलाच की."

ओळ नसली तर मालक दोन गोष्टी म्हणतात. एक तर आतली वायर सुटली, नाहीतर कुठंतरी बटणानं त्याचा वीजपुरवठाच तोडलाय. आतलं उघडायला वेळ नव्हता. मी लॅपटॉप हातात घेतला आणि ब्रश फिरवताना जिथं जिथं फिरवते तिथं बोट फिरवलं. डावी कड. मागची कड. उजव्या कडेला, चार्जरच्या भोकाजवळ, तांदळाच्या दाण्याएवढा खटका लागला. शेजारी कॅमेऱ्याचं इवलंसं चित्र, त्यावर रेघ. खटका रेघेच्या बाजूला होता. नखानं दुसरीकडं सरकवला.

लॅपटॉपनं टुंग आवाज केला आणि यादीत कॅमेऱ्याची ओळ आली. कॅमेऱ्याचं ॲप उघडलं तर मुलीचा चेहरा समोर, अर्ध्या उघड्या तोंडाचा.

"अण्णा," ती एवढंच म्हणाली.

तिनं घाईनं मुलाखतीची लिंक उघडली. बाराला दहा कमी होते. तिथं चौकोन आला, आणि तो काळा होता.

"गेला पुन्हा," वडील म्हणाले. "मी म्हनलो न्हाई का."

 एका वेळी एकाच ॲपनं कॅमेरा धरलेला बरा, म्हणून आधीचं ॲप बंद केलं. तरी काळाच. मग मला भिंगाशेजारचा दिवा दिसला, म्हणजे दिसला नाही. कॅमेरा चालू असला की तो पांढरा पेटतो. मघा ॲपमध्ये पेटला होता, आता विझलेला होता. म्हणजे मुलाखतीचं हे पान या कॅमेऱ्याला नाही, दुसऱ्याच कुणाला हाक मारत होतं.

"मोबाइललाच लॅपटॉपचा कॅमेरा करायचं काही ॲप टाकलंय का तू यात?"

मुलगी गोंधळली. "काल मैत्रिणीनं एक ॲप टाकून बघितलं. जमलं नाही, मग तसंच सोडलं."

पानाच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या जागी दोन नावं होती. निवडलेलं त्या ॲपचं होतं. मी खालचं, लॅपटॉपच्या कॅमेऱ्याचं, निवडलं. दिवा पेटला. काळ्या चौकोनात मुलगी आली, मागं आमची पेचकसांची फळी.

वडिलांनी तिच्यामागची खुर्ची बाजूला सरकवली आणि फळीवर चादर टाकायला सांगितली. "साहेबाला पेचकस कावून दाखवायचे?"

मुलाखत सुरू झाली तसे आम्ही दोघं बाहेर पायरीवर बसलो. लॅपटॉपचं कव्हर माझ्या हातात होतं. मुलीच्या आईनं जुन्या लुगड्याचे तुकडे जोडून, गोधडीसारखा दोरा घालून नुकतंच शिवलेलं. फार सुरेख काम. पण लॅपटॉपला घट्ट होतं, आणि उजव्या कडेची दुहेरी शिवण जाड होती. लॅपटॉप आत सारताना तीच शिवण खटक्याला ओढून नेत होती. मी तेवढे टाके उसवले, दोन बोटं जागा सोडून पुन्हा घातले. सुई माझ्या पदराला कायम असते.

वडील बराच वेळ आतला आवाज ऐकत होते. पोरगी सलाइनबद्दल काहीतरी ठामपणे सांगत होती.

"तिच्या आईला सांगू नका शिवणीचं," ते हळू म्हणाले. "लई जिवाला लावून घेईल."

"नाही सांगणार."

"आन मघा बोललो ते..."

"राहू द्या, दादा."

मुलगी बाहेर आली तेव्हा कपाळावर घाम होता आणि ती हसत होती. त्यांनी विचारलं होतं, कुठं बसली आहेस. ती म्हणाली होती, काकूंच्या दुकानात. दुकान मालकांचं आहे, पण मी तिची चूक दुरुस्त केली नाही.

पंधरा दिवसांनी नोकरी लागल्याचं सांगायला तिचा फोन आला. फोन मालकांनी उचलला. पण तिनं सांगितलं, काकूंना द्या. मालकांनी तेव्हा पहिल्यांदा सगळं ऐकलं, कारण मी घरी काही बोलले नव्हते. "एवढं केलंस आन सांगितलं न्हाईस?" म्हणाले. हल्ली कॅमेऱ्याचं काम आलं की ते पेचकस ठेवून पडद्याकडं बघतात आणि गिऱ्हाइकाला म्हणतात, "थांबा, आधी आमच्या घरातल्यांना बघू द्या."

मी बाहेर येते. अजून लाज वाटते, पण येते. आणि सगळ्यात आधी विचारते, लॅपटॉप कशात घालून आणलाय.