प्रथम पक्ष: गरम पाणी

लग्नानंतरची एकोणीस वर्षे आमच्या घरातले गरम पाणी पत्नीच्या हातून चालत न्हाणीघरात गेले. स्वयंपाकघरात गॅसवर पातेले तापायचे, ते बालदीत रिकामे व्हायचे आणि बालदी ओसरीवरून, दोन उंबरे ओलांडून, मोरीत पोहोचायची. त्या वर्षी पावसाळा सरता सरता ती ओल्या ओसरीवर घसरली आणि उजवे मनगट मोडले. प्लास्टर निघाले त्या दिवशी डॉक्टरांनी तिला माझ्यासमोर बजावले, की या हाताने भरलेली बालदी पुन्हा उचलायची नाही. उचललीत तर हाड वाकडे बसेल आणि मग पोळीही लाटता येणार नाही.

घरी आल्यावर ती एवढेच म्हणाली, "अहो, आता गीझर लावायचा. थंडी पडायच्या आत."

मी होकार दिला. मात्र एखादे काम हाती घेतले की ते कागदावर पक्के केल्याशिवाय मी पुढे जात नाही. कचेरीच्या फाटकाशी कडुनिंबाखाली माझे टेबल आहे. शाळा सातवीत सुटली असली तरी उर्दू, मराठी आणि कामापुरती तेलुगू या तिन्ही भाषांत मी अर्ज लिहितो, आणि माझा मसुदा वाचून साहेबांनी कागद परत केला असे क्वचितच घडले आहे. नळ्यांच्या बाबतीतही मी तीच शिस्त पाळण्याचे ठरवले.

त्या वर्षांत बाजारात रोज काहीतरी नवे येत होते. पूर्वी नळ म्हणजे लोखंडी नळी; दुसरा प्रश्नच नव्हता. आता सिकंदराबादच्या दुकानात गेलो तर दुकानदाराने काउंटरवर सहा तुकडे मांडले आणि मुलीचे स्थळ दाखवावे तसा एकेकाचा परिचय करून दिला. जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड मजबूत खरे, पण आमच्या बोअरचे पाणी जड. काही वर्षांत आतून गंज आणि क्षार धरून नळीचे भोक पेन्सिलीएवढे उरते. तांबे उत्तम, पण ते त्याने लगेच परत कपाटात ठेवले. माझ्या चपलांकडे त्याची नजर गेली असावी. ॲल्युमिनियमच्या आत-बाहेर प्लास्टिक असलेली एक नळी हाताने वाकत होती, पण तिचे पितळी सांधे कधी मिळत, कधी मिळत नसत. राहिल्या तीन: पांढरी साधी पीव्हीसी, फिकट पिवळसर सीपीव्हीसी आणि जाड, हिरवी पीपीआर.

"या तिन्हींत फरक काय?" मी विचारले.

"पांढरी फक्त थंड पाण्याला, साब. बाकी दोन्ही गरम झेलतात."

"पुरावा?"

"कंपनीचं पुस्तक आहे ना."

"पुस्तक हा ऐकीव पुरावा झाला," मी म्हणालो आणि तिन्ही तुकडे रुमालात बांधून आणले.

दुसऱ्या दिवशी कचेरीसमोरच्या इराणी हॉटेलात मी ते तुकडे उकळत्या पाण्याच्या डब्यात सोडायला सांगितले. मालक माझा जुना मित्र. तरीही तो गल्ल्यावरून उठून आला.

"मुन्शीसाब, ये चाय का पानी है. लोगां क्या पीते सो पूछेंगे मेरेकू."

"फक्त पाच मिनिटं. सरकारी काम समजा."

पाच मिनिटांनी चिमट्याने तुकडे बाहेर काढले. पांढरा तुकडा शिजलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा लिबलिबीत झाला होता. बोटाने दाबला तर दबला आणि तसाच राहिला. पिवळसर आणि हिरवा, दोन्ही ताठ. मी तिथेच वहीत नोंद केली आणि हॉटेलातल्या दोन गिऱ्हाइकांच्या साक्षीदार म्हणून सह्या घेतल्या. त्यातल्या एकाने सही करून झाल्यावर विचारले, की जमीन कुठली आहे.

मग हिरवी की पिवळसर? यावर आमच्या नळवाल्याचे मत घेणे भाग होते. तो साठीचा, मेहंदी लावलेल्या दाढीचा गृहस्थ. आयुष्यभर लोखंडी नळ्यांना आटे पाडून, सांधे गळू नयेत म्हणून सूत आणि सफेदा लावत आलेला. पण नव्या नळ्यांचे काम कंपनीच्या लोकांनी एका दुपारी दाखवले होते, ते त्याने नीट लक्षात ठेवले होते.

"हरी नळी अच्छी है," तो म्हणाला. "दो टुकड़े मशीन पे गरम करो, दबाओ, एक हो जाते. पानी चूने का सवालिच नै. मगर मशीन मेरे पास नै है. जिसके पास है, वो एक बाथरूम के वास्ते नै आता. पूरी बिल्डिंग मंगता. आया तो बी तुम्हारे मोहल्ले में करंट कब रैता?"

हा मुद्दा बिनतोड होता. तापवण्याचे यंत्र अर्ध्यावर थंड पडले तर सांधा अर्धवट बसतो, आणि चिक्कडपल्लीत वीज त्या दिवसांत पाहुण्यासारखी येऊन जाई.

"पीली लगाव," तो पुढे म्हणाला. "सोलूशन लगाके बैठाना, थोड़ी देर पकड़के रखना. बस. गरम को पीली, ठंडे को सफेद."

निर्णय झाला. पत्नी दारात उभी राहून ऐकत होती. "मग उद्यापासून सुरू करा," ती म्हणाली.

"आधी करारनामा," मी म्हणालो.

त्या करारनाम्यावर मी चार संध्याकाळी घालवल्या. त्या चार दिवसांत ती डाव्या हाताने अर्धा-अर्धा तांब्या पाणी मोरीत नेत होती आणि प्रत्येक फेरीला माझ्या टेबलाशी मुद्दाम थांबत होती. मी उर्दूत लिहीत होतो, म्हणजे नळवाल्याला वाचता यावे. एकूण अकरा कलमे. नळ्यांना वारंवार 'गरम पाण्याची नळी' आणि 'थंड पाण्याची नळी' म्हणणे बाजारू वाटले, म्हणून दुसऱ्या कलमात मी गरम पाण्यास प्रथम पक्ष आणि थंड पाण्यास द्वितीय पक्ष म्हटले. शेवटच्या कलमात मला आजही अभिमान वाटावा असे वाक्य होते: 'कारागीर आपल्या स्वतःच्या अकलेने या कागदात अगर कामात कोणताही फेरबदल करणार नाही.'

नळवाल्याने तो दोनदा वाचला.

"मुन्शीसाब, मैं नल लगाने आया कि निकाह पढ़ाने?"

"अंगठा नको, सही करा."

त्याने सही केली आणि मग शेवटच्या पानावरच्या साहित्याच्या यादीवर बोट ठेवले. "ये एक जगा मेरेकू शक है. यहाँ पहला पक्ष—"

"शंका वाचून मिटतात," मी म्हणालो. "कागद वाचा आणि कागदाप्रमाणे करा."

त्याने कागदाची घडी करून खिशात घातली. "हौ," एवढेच बोलला.

मी दिवसभर कचेरीत असताना त्याने न्हाणीघरात नवा गीझर टांगला, भिंतीत खाच पाडून दोन्ही नळ्या उभ्या बसवल्या आणि खिळपट्ट्यांनी आवळल्या. दुसऱ्या दिवशी, सोल्यूशन पुरते वाळल्यावर, त्याने तोट्यांच्या जागी बुचे मारली, हातपंपाने पाण्याचा दाब चढवला आणि पंपावरच्या दाबमापकाचा काटा तासभर जागचा हलत नाही हे मला दाखवले. एक थेंबही कुठे नव्हता. मी शेजाऱ्यांना बोलावून तो काटा दाखवला. खाचेत शेजारी शेजारी एक पिवळसर आणि एक पांढरी अशा दोन नळ्या मला शोभिवंत दिसल्या. कोणती कुठे जाते हे पाहण्याचे मला कारण नव्हते, ते कागदावर होते.

"आता गिलावा करून घ्या," मी म्हणालो.

"थांबा," पत्नी म्हणाली. "हा दाब थंड पाण्याचा. मला थंड पाण्याने अंघोळ करायची नाहीये. गीझर तापवा, मग भिंत बुजवा."

नळवाल्याने मान डोलावली. आता आठवते, की तो हळूच दाराबाहेर सरकला होता.

बुचांच्या जागी तोट्या बसल्या, गीझर पूर्ण तापला. शुभारंभ कर्त्या पुरुषाने करावा म्हणून मी कचेरीचा कोट घालूनच गरम तोटी सोडली. पहिल्या बालदीला पाणी वाफाळत आले. दुसऱ्या बालदीच्या मध्यावर भिंतीतली पांढरी नळी दोन पट्ट्यांच्या मधे पोट सुटल्यासारखी बाहेर आली. मी ती हाताने आत दाबली, ती दबली. मग वरच्या कोपऱ्यातला सांधा सावकाश, अगदी सभ्यपणे, आपल्या खोबणीतून निसटला आणि पाणी तिरपे माझ्या कोटावर आले. मी तीन उड्यांत ओसरीवर होतो. पत्नीने डाव्या हाताने गीझरचे बटण बंद केले आणि नळवाल्याने बाहेरून टाकीचा व्हॉल्व्ह फिरवला. त्याचा हात आधीपासूनच व्हॉल्व्हवर होता.

"गरम पाण्याला पांढरी?" मी ओरडलो. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मालूम था ना साब! मैं उसी दिन पूछा. तुम बोले, कागज के जैसा करो." त्याने खिशातून करारनामा काढला. "और ये लिखाके लिये, कि मैं अपनी अकल नै लगाना."

मी चष्मा पुसून यादी वाचली. दुसऱ्या कलमात प्रथम पक्ष गरम पाणी होते. यादी मात्र मी टाकीपासून सुरू केली होती, टाकीतून आधी निघते ते थंड पाणी, आणि आधी येतो तो प्रथम पक्ष ही इतक्या वर्षांची सवय. सबब प्रथम पक्ष, थंड पाणी: पिवळसर. द्वितीय पक्ष, गरम पाणी: पांढरी. खाली माझी सही, तारखेसह.

"कागदात विसंगती आहे," मी म्हणालो.

"कागदाला पाणी तापवता येत नाही," पत्नी म्हणाली. मग नळवाल्याकडे वळली. "मामू, सगळं उखडावं लागेल का?"

"चिपकाये सो नळी खुलती नै, बाजी. काटना पड़ता. फिर से चार-पाँच दिन."

ती खाचेसमोर उभी राहून दोन्ही नळ्या वरपासून खालपर्यंत पाहत राहिली. "पिवळी धड आहे ना? मग तिच्यातूनच गरम सोडा. वर गीझरपाशी जोड बदला, पांढरीचा बिघडलेला तुकडा कापून नवा घाला, आणि तिच्यातून थंड. नळ्या जागेवर राहू देत."

नळवाला हसला. "हौ ना! गीझर के मूं पे दोनों तरफ पीतल लगाता, और ठंडे में उल्टा पानी नै जाने का व्हॉल्व्ह. मगर बाजी, गरम की तोटी सीधे हात को आती फिर. दुनिया में बायें कू रैती."

"दुनिया इथे अंघोळीला येणार नाही," ती म्हणाली.

करारनाम्यात तशी दुरुस्ती करावी म्हणून मी पेन काढले. दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिले. मी पेन परत खिशात ठेवले.

दोन दिवसांनी पुन्हा दाब पाहिला, मग गरम पाणी तासभर सोडून पाहिले. पिवळी नळी किंचित लांबली एवढेच, आणि त्यासाठी नळवाल्याने या वेळी पट्ट्या सैल ठेवल्या होत्या. मग गिलावा झाला. तो वाळला त्या सकाळी पत्नी रिकाम्या हाताने न्हाणीघरात गेली. मी ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. आत पाणी पडत होते, थांबत होते, पुन्हा पडत होते. वर्तमानपत्र दोनदा वाचून झाले. एकोणीस वर्षांत तिला इतका वेळ अंघोळ करताना मी पाहिले नव्हते. आतापर्यंत तापवलेले संपायच्या आत आवरायचे असायचे.

ती बाहेर आली तेव्हा उजव्या हाताची बोटे उघडमीट करून पाहत होती. "शेकलं गेलं," ती म्हणाली. "दुखत नाही. जा तुम्ही आता. आणि लक्षात ठेवा, गरम उजवीकडे."

"मला सांगावं लागत नाही," मी म्हणालो, आत गेलो, आणि डावी तोटी पूर्ण सोडून तिच्याखाली बसलो. डिसेंबरातल्या टाकीचे पाणी डोक्यावर आले तेव्हा मी जे ओरडलो ते तिन्ही भाषांत होते, असे शेजारी सांगतात.