शेवेच्या भावाची चिठ्ठी

लढाईची वर्षं होती. धुळ्याला आमचं शेवेचं दुकान. शेंगदाण्याचं तेल महागलं, डाळ महागली, आणि सातआणे शेर शेव विकून घरात काही उरेना. आबा, म्हणजे माझे सासरे, भाव वाढवायला घाबरत होते. म्हणायचे, "रोजची गिऱ्हाइकं तुटली तर मी शेव कुणाला खाऊ घालू? तुला?"

मीच म्हटलं, गिऱ्हाइकांनाच चिठ्ठी लिहू, हिशेब दाखवू. घरात लिहिता येणारी मी एकटी, तेही आता बाहेरगावी असलेल्या दिराच्या जुन्या पुस्तकावरून शिकलेली. आबा सांगत गेले, मी लिहिलं: शेरभर शेवेला बेसन तीन आणे, तेल तीन आणे, लाकूड अर्धा आणा, मीठ-मिरची-ओवा अर्धा, दुकानाचं भाडं अर्धा, आमची मेहनत दीड. एकूण नऊ आणे. खाली लिहिलं, 'राग मानू नये.' जुन्या जाहिरातींच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वीस चिठ्ठ्या लिहिल्या आणि पुड्यांबरोबर दिल्या.

दुसऱ्या दिवशी भाजीवाली अक्का दारात उभी. हातात चिठ्ठी, चेहरा लाल.

"आबा, मना आंडोरनी वाची दाखाडं. बठ्ठं लिखेल शे, पन वरनी मूठ कोठे शे?" तिच्या मुलाने चिठ्ठी वाचून दाखवली होती; सगळं लिहिलंय, मग वरची मूठ कुठे, असं ती विचारत होती.

आबांचा हात तराजूवरच थांबला. तोलून झाल्यावर आबा मूठभर शेव वर घालायचे, ती त्यांची पद्धत. ती हिशेबात धरायची हे ना त्यांच्या डोक्यात आलं, ना माझ्या. अक्काला वाटलं, मूठ बंद.

तेवढ्यात शेजारचे मास्तर आले. तेही तेच म्हणाले. "नऊ आण्यांचं काही नाही हो आबा, पण मूठ गेली तर मुलांना काय तोंड दाखवू?"

"अहो, बंद कुठे केलीय?" आबा म्हणाले.

"मग हिशेबात का नाही?" मास्तर म्हणाले. "तुम्हाला तोटा नको."

अक्काने तराजूकडे बोट केलं. "तोली लेव ना!"

आबांनी मूठ भरून पारड्यात टाकली. दोन तोळ्यांच्या थोडी वर भरली. मास्तरांनी बोटांवर मोजून सांगितलं, "शेरामागे एक पैसा, म्हणजे पाव आणा." मीही माझी मूठ तोलली, ती दीड तोळा. अक्का लगेच म्हणाली, "हाई नको. आबानीच पाहिजे!"

झालं. भाव वाढवायला घाबरणाऱ्या माणसाची शेव सव्वानऊ आणे झाली, आणि तीही गिऱ्हाइकांनीच केली. संध्याकाळी मी नव्याने चिठ्ठ्या लिहिल्या आणि त्यांत एक ओळ वाढवली: 'वरची मूठ, दुकानदाराच्या हाताने, एक पैसा.' वीसपैकी एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. फक्त आबा आजारी पडले की मी मूठ घालताना अक्का माझा हात धरून म्हणायची, "आजून थोडी टाक, बाई!"