तेरा वाक्यांचं जेवण

साठी उलटल्यावर नवी भाषा शिकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तरी त्या वर्षी दर शनिवारी सकाळी मी लंडनजवळच्या वॉटफर्डहून मेट्रोपॉलिटन लाइनने हॅरोला तागालोग शिकायला जात होते. तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये उभं राहून गुडघे कामातून गेलेले, आणि क्लास लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर. लिफ्ट बहुतेक वेळा बंद असायची.

जायचं कारण विहीणबाई. माझी सून फिलिपिनो, इथल्याच हॉस्पिटलात नर्स. नात झाल्यावर सून पुन्हा कामावर जाऊ लागली, तेव्हा तिची आई सहा महिन्यांसाठी आली. गावाकडची बाई, बोलायची तागालोग, इंग्रजी मोडकंतोडकं. आल्या आल्या मी सगळ्यांना जेवायला बोलावलं, आणि ते जेवण फसलं. विहीणबाईंनी ताटाला हात लावला नाही म्हटलं तरी चालेल. त्यानंतर सून माझ्याकडे यायची थांबली. आज ड्यूटी आहे, आज बाळाला सर्दी आहे. पाच महिने नात माझ्या घरी आली नव्हती. मुलाला विचारलं तर तो म्हणायचा, "आई, तू उगाच ओव्हरथिंक करतेस. ती एग्झॉस्टेड असते, बस." विहीणबाई परत जायला तीन आठवडे राहिले होते. त्या गेल्यावर हे असंच गोठून बसेल, याची मला भीती वाटत होती.

आमच्या क्लासच्या बाई निवृत्त नर्स होत्या. मनिलाजवळच्या, अतिशय शांत, आणि चूक सोडायची नाही हा वॉर्डातला बाणा अजून शाबूत. त्यांनी गृहपाठ दिला, घरातल्या एका जेवणाचं वर्णन. मी तेच जेवण लिहिलं. दुसरं काही डोक्यात नव्हतंच.

तेरा वाक्यं लिहिली. पहिलंच वाक्य वाचलं आणि वर्गातले बाकीचे तिघे हसले. मला लिहायचं होतं, मी भात खाल्ला. मी लिहिलं होतं, 'किनाइन आको नांग कानिन'. त्याचा अर्थ, भाताने मला खाल्लं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर पुन्हा मांडून दाखवलं. खाण्याचं मूळ 'काइन'. त्यात 'उम' घुसवलं की 'कुमाइन', मग वाक्य खाणाऱ्याचं. 'इन' घुसवलं की 'किनाइन', मग वाक्य खाल्लेल्या पदार्थाचं. ज्याचं वाक्य, त्याच्या आधी 'आंग' लागतो, दुसऱ्याच्या आधी 'नांग'. वाक्य माझं असेल तर मी 'आको', पदार्थाचं असेल तर मी नुसती 'को'. म्हणजे 'किनाइन को आंग कानिन'. ज्याला द्यायचं किंवा जिथे ठेवायचं त्याचंही वाक्य करता येतं, त्याला आणखी वेगळा प्रत्यय. तिथपर्यंत पोचायचं त्राण माझ्यात नव्हतं.

चूक कुठून आली ते मला कळत होतं. आपल्या मराठीत आईने भात खाल्ला, पण मी मात्र भात खाल्ला. 'मी'ला 'ने' लागत नाही, मी कुठेही मीच. तो 'मी' तसाच उचलून मी तागालोगमध्ये ठेवला होता. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ठीक आहे, पण दुरुस्त तर करायलाच हवं." हे वाक्य मी स्वतः ज्युनिअर लोकांना आयुष्यभर ऐकवलं होतं. ऐकायला किती कंटाळवाणं वाटतं ते तेव्हा कळलं.

बाईंची एक पद्धत होती. दुरुस्ती झाली की प्रत्येक वाक्य ज्याचं आहे तो शब्द पिवळ्या हायलायटरने रंगवायचा. मी रंगवत गेले. मासे मी तळले, मासे पिवळे. भात मी वाढला, भात पिवळा. डाळ, कोशिंबीर, खीर, शेवटी मी घासलेली ताटं. बाईंनी कागद हातात घेतला आणि पिवळ्या शब्दांवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"व्याकरण आता बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण तेरा वाक्यांत माणूस एकही पिवळा नाही. आता 'कुमाइन'ची वाक्यं कर. कोण जेवलं?"

मी तोंडी करत गेले. मुलगा जेवला. सून जेवली. मग विहीणबाई. या नात्याला इंग्रजीत शब्दच नाही, तागालोगमध्ये आहे, 'बालाए'. माझी बालाए जेवली नाही, असं मी म्हणाले.

"आणि तू?"

"हिंदी आको कुमाइन," मी म्हणाले. मी जेवले नाही. तागालोगमध्ये 'नाही'ला 'हिंदी' म्हणतात, त्यात माझा दोष नाही. आको पहिल्यांदाच बरोबर जागी पडला होता, पण बाईंनी शाबासकी दिली नाही.

"पहिल्या वाक्यात तर भात खाल्लास. मग जेवली का नाहीस?"

"मी वाढत होते. आमच्याकडे वाढणारी मागून जेवते. मी नंतर ओट्याशी उभ्याने जेवले."

बाईंनी हायलायटरला टोपण लावलं. "तुझी बालाए तुझी वाट बघत असेल," त्या म्हणाल्या. "घरची बाई बसल्याशिवाय त्या वयाची पाहुणी हात कसा लावेल? आणि तू काही बसली नाहीस."

मला आठवलं. विहीणबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या आणि मी आग्रह करकरून त्यांच्या ताटात आणखी वाढत होते. त्या जितक्या थांबल्या तितकी मी वाढत गेले. मला वाटलं, नखरे आहेत. राग आला होता मला, आणि तो मी पाच महिने जपला होता. परतीच्या ट्रेनमध्ये मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी भात आणि तळलेली सुरमई डब्यात घेऊन मुलाकडे गेले. सून ड्यूटीवर होती, मुलगा बाळाला वर झोपवत होता. विहीणबाई मला ताट द्यायला उठल्या. मी त्यांना थांबवलं, दोन ताटं घेतली, आणि आधी स्वतः बसले. "काइन ना तायो," म्हणाले. चला, जेवू या. इथे प्रत्यय लागत नाही, ही या भाषेची एवढी एकच कृपा. त्या बसल्या. मी घास घेतला, मग त्यांनी घेतला.

अर्धं जेवण झाल्यावर मी पाठ केलेली वाक्यं बोलले. त्या दिवशी मी बसले नाही, आमच्याकडे वाढणारी मागून जेवते. त्यांनी ऐकून घेतलं. मग थोडं तागालोग, थोडं इंग्रजी असं करत, मला समजेल इतक्या सावकाश त्या म्हणाल्या, "मला वाटलं, आम्ही डुक्कर खातो म्हणून तुम्ही आमच्या टेबलावर बसत नाही. मीच मुलीला सांगितलं, तिथे जेवायला जाऊ नकोस."

"हिंदी," मी म्हणाले. नाही, तसं नव्हतं.

त्या दिवसापुरतं माझं 'नाही' खरंच होतं. पण लग्न ठरलं तेव्हा मी मुलाला विचारलं होतं, तिची भांडी वेगळी ठेवता येतील का. तो उठून गेला होता आणि तो विषय पुन्हा निघाला नाही. त्याने ते बायकोला सांगितलं की नाही, आणि तिने आईला, हे मला आजही ठाऊक नाही. ते भांड्यांचं सांगायला लागणारं वाक्य माझ्याजवळ होतं. क्रियापद सोपं होतं आणि वाक्य माझं होतं.

मी ते बोलले नाही. विहीणबाईंनी माशाचा मधला तुकडा काटा काढून माझ्या ताटात ठेवला, आणि मी तो खाल्ला.