हळदीच्या बोटांचे गोल

मंगरूळपीरला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. सातबारा, फोटो, अर्ज, जे येईल ते मी करते. तोंडाने फटकळ आहे असं गिऱ्हाईक म्हणतात, पण काम अर्धवट ठेवत नाही, हेही तेच म्हणतात.

वाशीमला बचतगटांचं प्रदर्शन झालं. प्रत्येक स्टॉलवर एक कागद होता. चव, रंग, वास, पाकीट, प्रत्येकासमोर पाच रिकामे गोल. एका माणसाची एक ओळ. आवडेल तितके गोल भरायचे, निदान एक तरी. प्रदर्शन भरवणाऱ्या साहेबांच्या माणसाने त्या कागदांचे मोबाईलवर फोटो काढले आणि कागद रद्दीत गेले. फोटो माझ्याकडे आले: गोलांचे आकडे करा, सरासरी काढा. पहिल्या तीन गटांना बसस्टँडवर वर्षभर गाळा मिळणार होता.

माझ्याकडचा प्रोग्राम गोल काळा दिसला की एक धरतो, पांढरा दिसला की सोडतो. यादी काढून साहेबांना पाठवली, तिच्यात माझ्या ओळखीच्या इंझोरीच्या वहिनींचा हळदीचा गट सगळ्यात खाली आला. पाचांपैकी सरासरी एकसुद्धा नाही! मी त्यांना फोनवर सांगितलं, आणि सांगून चुकले असंच वाटलं. त्या शांतपणे म्हणाल्या की चक्की बंद करतो, लोकांना आवडत नाही तर कायले दळायची. दुसऱ्या दिवशी गटाच्या बायकांना बोलावून तसं सांगणार होत्या.

मला ते पटेना. माझ्या घरात त्यांचीच हळद आहे. पण माझ्या घरची भाजी काही पुरावा नव्हे, म्हणून पुन्हा आकडे बघत बसले. पहिल्या काही ओळींत चार, पाच, चार. मग खालपर्यंत नुसती शून्यं. अरे, कागदावर शून्य द्यायची सोयच नव्हती! कमीत कमी एक गोल. शून्य म्हणजे नावडलं असं नाही, शून्य म्हणजे मशीनला दिसलंच नाही.

फोटो मोठा करून पाह्यला. गोलांत फिकट पिवळट काहीतरी होतं. वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "पेन बंद पडला होता ना बाई. लोकं रंग पाहाले बोटावर हळद घासत होते, तेच बोट गोलात लावून राह्यले होते. मी म्हटलं, लावा."

झालं! प्रोग्राम फोटो आधी काळापांढरा करतो, आणि पिवळं पांढऱ्यात विरघळून जातं. फोटोत लाल, हिरवा, निळा असे तीन थर असतात. मी फक्त निळा थर उघडला. त्यात पिवळं काळं पडतं. हळदीचे गोल एकेक करून उठून दिसायला लागले.

पण आनंदाने उड्या मारायची वेळ नव्हती. निळ्या थरात निळ्या पेनाचे गोल फिके पडतात, म्हणजे दुसऱ्यांचं नुकसान. आणि एकट्या वहिनींसाठी नियम बदलला तर मीच लबाड. सगळ्या स्टॉलचे फोटो दोन्ही प्रकारे वाचले. कुठल्याही एकात गोल भरलेला दिसला तर भरलेला धरला. अर्धा भरलेला अर्धा. जिथे एकही गोल भरला नव्हता तो रकाना शून्य न धरता सोडून दिला. वहिनींच्याच कागदावर एका ठिकाणी बोट घसरून सगळ्या गोलांवर पिवळा पट्टा ओढला गेला होता. मनात आलं, धरून टाकावा. नाही धरला. ‘वाचता येत नाही’ लिहिलं.

साहेबांना हे नियम वर लिहून नवी यादी दिली. ते कंटाळून म्हणाले, पहिलीच यादी वर पाठवून मोकळं होऊ, तुमची ओळख असेल त्या बाईशी. मीही तापले.

"ओळख आहे, म्हणून तर त्यांचा पट्टा सोडला. आता कोणतेही दोन फोटो घ्या आणि तुमच्या हाताने मोजा. फरक आला तर माझं बिल फाडून टाका."

त्यांनी मोजले. एक वहिनींचा, एक लोणच्याच्या स्टॉलचा. आकडे जुळले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी नवी यादी पुढे ओढून सही केली.

वहिनींचा गट दुसरा आला. त्याच संध्याकाळी त्या दुकानात आल्या तेव्हा गाळ्याची किल्ली कधी मिळेल हे सांगायला मी सुरुवात केली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. पडद्यावर निळ्या थरातला फोटो उघडा होता. त्या जवळ वाकल्या, आणि त्या काळ्या गोलांवरून बोट फिरवत खालपर्यंत गेल्या. नखात अजून हळद होती.

"इतक्या लोकायले आवडली होती?" त्या म्हणाल्या. "मी तं उद्या बायकायले घरी बसा म्हणणार होती."