वसंतराव गुरुजी जामीन राहतात

मुखेडच्या वसंतराव गुरुजींना जामीन राहायची भारी हौस. पगारी माणूस, त्यात कुणाला नाही म्हणणं जमत नाही. गल्लीतलं कुणाचंही पोर शिकायला निघालं की स्टॅम्प पेपर आधी गुरुजींच्या ओसरीवर. चष्मा सापडायच्या आत सही झालेली असायची. "एकदा वाचून तरी बघा," बायको लताबाई म्हणायच्या. "पोरं चांगली हायेत, कागद काय वाचायचा?" हे उत्तर ठरलेलं.

शेजारच्या ग्यानोबाची गीतांजली लातूरला एका खासगी दवाखान्याच्या नर्सिंग कॉलेजात गेली, तेव्हाही तेच झालं. फी, वसतिगृह, विद्यावेतन, सगळा खर्च दवाखान्याचा. बदल्यात शिकून झाल्यावर दोन वर्षं तिथंच नोकरी. मध्येच सोडलं तर तोवर झालेला खर्च परत करायचा. मुलगी, बाप आणि जामीनदार, तिघंही त्याला बांधील, वसुली कुणाकडूनही.

दुसऱ्या वर्षी ग्यानोबा धापा टाकत आला. पोरगी शिक्षण सोडायचं म्हणून राहिली! त्या दिवशी गुरुजींनी बाँडची झेरॉक्स पहिल्यांदा वाचली. रक्कम मनात मांडली, आणि सकाळची लातूरची एसटी धरली. चाकूर येईपर्यंत चिकाटीवरचं भाषण तोंडपाठ झालं होतं.

वसतिगृहाच्या व्हरांड्यात त्यांनी ते पोटतिडकीनं म्हटलं. कोळी, मुंगी, कुणी सुटलं नाही. गीतांजलीनं खाली मान घालून सगळं ऐकलं.

"राहते, गुरुजी," ती म्हणाली. "सुई धरली की हात थरथरतोय. परवा सिस्टरनं हातातनं काढून घेतली, न्हाई तर आजीबाईला लागलं असतं. वर्षभर लई प्रयत्न केला. पण तुमची सही हाय. तुमच्याकडून वसूल केलं तर मी गावात कसं तोंड दाखवू?"

गुरुजींना आपल्या भाषणाची लाज वाटली. त्यांचा जीव पैशात अडकला होता, आणि पोरीचा त्यांच्यात.

"माझ्या सहीसाठी कुणाला सुया टोचू नको," ते म्हणाले. "जायचं असंल तर जा. खर्चाचं मी अन् तुझा बाप बघू."

खरं सांगायचं तर एवढं मोठं मन पाहून पोरगी विरघळेल, डोळे पुसेल आणि 'शिकतेच' म्हणेल, अशी आशा त्यांना होती. पोरगी विरघळली, डोळेही पुसले.

"मग बॅग भरू?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पळाली.

गुरुजी ऑफिसात गेले. क्लार्कनं शांतपणे सांगितलं, सोडत असल्याचा अर्ज मुलीनं द्यायचा, मग हिशोबाचं पत्र तिघांनाही येईल. हप्ते हवे असतील तर वेगळा अर्ज करा, ठरवेल व्यवस्थापन.

गीतांजलीनं सोडत असल्याचा अर्ज दिला, पोच घेतली. फाटकाशी येऊन ती थबकली.

"गुरुजी, तुम्हाला लई जड जाईल का?"

"लई जाईल," गुरुजी म्हणाले, आणि तिची बॅग उचलली. "चल."